गटारात न गेलेलं पाणी: एका वाढीव पाणीबिलाचं प्रकरण

बिल हातात पडलं तेव्हा ताईंनी सगळ्यात आधी नाव आणि ग्राहक क्रमांक तपासून पाहिला. दुसऱ्याच कोणाचं तरी बिल आपल्या पेटीत पडलं असावं, असं त्यांना वाटलं. पण नाव त्यांचंच होतं. दोन महिन्यांचा वापर २३४ युनिट, म्हणजे दोन लाख चौतीस हजार लिटर. घरात माणसं चार, आणि मागच्या दोन वर्षांत एकाही बिलात वापर ३२ युनिटच्या वर गेलेला नव्हता.

पाणीपट्टीच्या तक्रारींच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून ताई ते बिल घेऊन माझ्याकडे आल्या. हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण अशा वेळी लोक सूट मागतात ती पाण्याच्या आकारात. बिलाच्या ज्या भागावर त्यांचा दावा सगळ्यात भक्कम असतो, त्या मलनिस्सारण आकाराचं नावही बहुतेकांच्या अर्जात नसतं. ताईंच्या पहिल्या अर्जातही नव्हतं.

वापर आठपट, रक्कम एकवीसपट

ताईंचा पहिला प्रश्न साधा होता. वापर ३० वरून २३४ वर गेला, म्हणजे सुमारे आठपट झाला. मग रक्कम एकवीसपट कशी? यात काही चूक नव्हती, पण ते समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबते.

त्यांच्या बिलात पाण्याचे दर टप्प्यांचे होते. पहिल्या २० युनिटचा दर १ धरला, तर पुढच्या २० युनिटचा दर त्याच्या दुप्पट आणि ४० च्या वरच्या प्रत्येक युनिटचा चौपट होता. नेहमीच्या ३० युनिटचा हिशोब म्हणून ४० भाग व्हायचा. या वेळी पहिले दोन टप्पे भरून १९४ युनिट थेट सगळ्यात महाग टप्प्यात गेले आणि पाण्याचाच आकार ८३६ भाग झाला. गळतीचं पाणी कधी स्वस्त टप्प्यात बसत नाही. ते घरच्या वापराच्या वर चढतं आणि वरचाच दर लावून घेतं.

त्यावर मलनिस्सारण आकार. तो ताईंच्या बिलात पाण्याच्या आकाराच्या निम्मा होता. नेहमी २० भाग असायचा, या वेळी ४१८. म्हणजे ६० भागांचं बिल १२५४ वर गेलं. काही ठिकाणी हा आकार टक्केवारीने न लावता दर युनिटमागे लावतात. पद्धत कोणतीही असली तरी आधार एकच असतो, तो म्हणजे पाण्याच्या मीटरचं रीडिंग. घरातून गटारात जाणारं पाणी मोजणारा मीटर कुणाच्याच घरी नसतो. जेवढं पाणी मीटरमधून आत आलं, तेवढंच थोड्याफार फरकाने सांडपाणी होऊन मलवाहिनीत गेलं, असं धरून हा आकार लावतात. रोजच्या वापरासाठी हे गृहीतक चालण्यासारखं आहे. अंघोळीचं, कपड्यांचं, संडासाचं पाणी शेवटी तिथेच जातं.

जमिनीखाली फुटलेल्या नळीचं पाणी मात्र तिथे जात नाही, ते मातीत मुरतं. त्यामुळे पाण्याच्या आकाराबाबत ग्राहक फार तर दयेचा अर्ज करू शकतो, कारण पाणी शुद्ध होऊन, पंपाने चढून त्याच्या मीटरमधून गेलेलं असतं आणि मीटरच्या पुढची नळी त्याचीच असते. मलनिस्सारण आकाराबाबत त्याचं म्हणणं वेगळं आहे: जी सेवा घेतलीच नाही, तिचे पैसे लावले गेले आहेत. या दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या, की कार्यालय दोन्हींना एकच उत्तर देतं.

रीडिंग खरं की सरासरी?

बिल मोठं आलं की गळती शोधण्याआधी बिलावरची रीडिंगं पाहावीत. ताईंच्या आताच्या बिलावर मागचं रीडिंग १४४२ होतं आणि चालू १६७६. आधीचं बिल काढायला सांगितलं, तर त्यात १४४२ च्या शेजारी ‘सरासरी’ असा शेरा निघाला. त्या वेळी फाटक बंद असल्यामुळे मीटरवाचक मीटरपर्यंत पोचला नव्हता आणि नेहमीच्या वापरावरून ३० युनिट धरून बिल काढलं होतं. प्रत्यक्ष पाहिलेलं शेवटचं रीडिंग त्याही आधीचं होतं, १४१२. म्हणजे जास्तीचं पाणी दोन महिन्यांत गेलं की चार महिन्यांत, हे बिलावरून सांगताच येत नव्हतं. चार महिन्यांत मिळून २६४ युनिट गेले, नेहमीचे ६० वजा करता २०४ जास्तीचे, एवढंच ठामपणे म्हणता येत होतं.

इथे मला वाटलं की मोठा मुद्दा हाती लागला. २६४ युनिट दोन बिलांत विभागून मागितले, तर टप्प्यांचा फायदा मिळेल. हिशोब केला आणि फायदा किरकोळ निघाला. आधीच्या बिलातला दुसरा टप्पा १० युनिटने रिकामा होता, तेवढेच युनिट चौपट दरातून दुप्पट दरात आले असते. एकूण बिलात ३० भागांचा फरक. हे सांगते, कारण टप्पे जितके रुंद तितका विभागणीचा फायदा मोठा असतो, आणि काही प्रकरणांत तेवढ्यावरच निम्मं काम होतं. ताईंच्या बाबतीत झालं नसतं. पण सरासरीच्या शेऱ्याचा दुसरा उपयोग होता: सूट एकाच बिलापुरती न मागता आधीच्या बिलालाही धरून मागता येणार होती.

पहिला अर्ज

माझ्याकडे येण्याआधी ताईंच्या मुलाने घाईघाईत एक अर्ज देऊन टाकला होता. ‘मीटर सदोष असून बिल अवाजवी आहे, मीटर तपासून बिल रद्द करावं.’ बहुतेक लोक हेच लिहितात, आणि बहुतेकांचं प्रकरण इथेच अडतं. मीटर तपासणीला शुल्क लागतं, मीटर काढून नेतात, काही आठवडे जातात आणि अहवाल येतो की मीटर बरोबर आहे. मग कार्यालयाच्या दृष्टीने तक्रार निकाली निघते. त्यानंतर गळतीचा अर्ज केला, तर समोरचा विचारतो की आधी तर मीटर खराब म्हणत होतात.

मीटर खरंच चुकतोय का, हे घरीच पाहता येतं. २० लिटरची बादली काठोकाठ पाच वेळा भरायची आणि आधीचं व नंतरचं रीडिंग लिहायचं. मीटरवरचे काळे आकडे युनिट दाखवतात, त्यांच्या पुढचे लाल आकडे युनिटचे अंश. तीन लाल आकडे असतील तर ते थेट लिटर वाचावेत. मात्र ही चाचणी गळती चालू असताना केली तर गळतीचं पाणीही त्यात मिसळतं, म्हणून बादल्या भरायला लागलेली मिनिटं मोजून तेवढ्या वेळची गळती वजा करावी लागते. ताईंकडे ही वजाबाकी केल्यावर १०० लिटरला १०१ लिटर आले. मीटर ठीक होता. मुलाने दुसऱ्या दिवशी जाऊन पहिला अर्ज मागे घेतला आणि मागे घेतल्याची पोच आणली.

रात्रीचं रीडिंग

रात्री अकराला घरातले सगळे नळ बंद केले, फ्लशच्या टाक्या पूर्ण भरू दिल्या. मीटरवर आकड्यांशेजारी चांदणीसारखं एक बारीक चाक असतं, अगदी थोड्या पाण्यानेही ते फिरतं. घरात कुणी पाणी वापरत नसताना ते संथपणे फिरत होतं. रीडिंग होतं १७०९.४१२. पहाटे पाचला, कुणी नळ उघडायच्या आत, १७१०.१८० झालं. सहा तासांत ७६८ लिटर, म्हणजे तासाला १२८ लिटर, दिवसाला तीन हजारांहून थोडं जास्त.

तासाला १२८ लिटर म्हटलं की केवढं तरी पाणी डोळ्यांसमोर येतं, पण ते फक्त मिनिटाला दोन लिटरच्या आसपास आहे. नळीत २० मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब असेल, तर दोन मिलिमीटरच्या भोकातून एवढं पाणी जातं. इतकं भोक जमिनीखाली असेल तर वर ओल दिसेलच असं नाही. नळीभोवतीच्या भरावातून पाणी वाट काढतं, चरातून पुढे सरकतं आणि कुठेतरी खोल जिरून जातं.

जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे ही चाचणी रात्री करून उपयोग नाही, कारण मीटरच्या नळीत दाबच नसतो. पाणी चालू असताना साठवण टाकीत जाणारा कॉक बंद करून मीटर पाहावा लागतो. टाकीलाच भेग असेल, तर ते मात्र या चाचणीत कळत नाही. त्यासाठी टाकी भरून घ्यायची, येणं-जाणं दोन्ही बंद करायचं आणि पातळीवर खूण करून काही तासांनी पाहायचं.

ताईंच्या घरी पाणी दिवसभर दाबाने येत होतं, त्यामुळे पुढची पायरी सोपी होती. नळी घरात शिरते तिथला मुख्य कॉक बंद केला. मीटरवरचं चाक तसंच फिरत राहिलं. म्हणजे गळती घराच्या आत नव्हती, मीटर आणि घर यांच्यामधल्या अंगणाखालच्या नळीत होती. कॉक बंद केल्यावर चाक थांबलं असतं, तर मी पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घेतला असता. टाकीत रंग टाकायचा, अर्धा तास फ्लश करायचं नाही आणि भांड्यात रंग उतरतो का पाहायचं. ही गळती आवाज न करता दिवसभर चालू राहू शकते. पण अर्जाच्या दृष्टीने ती वेगळी आहे: फ्लशचं पाणी मलवाहिनीतच गेलेलं असतं, तेव्हा मलनिस्सारण आकारात सूट मागायला आधार उरत नाही. म्हणून गळती कुठे होती, हे दुरुस्तीसाठी जितकं महत्त्वाचं, तितकंच अर्जासाठीही.

चेंबरचं झाकण

या प्रकरणात मला सगळ्यात समाधान देणारी गोष्ट याच रात्री झाली. गळतीचं पाणी मलवाहिनीत गेलं नाही, हे सिद्ध कसं करायचं? जमिनीत मुरलेल्या पाण्याचा पुरावा कुणी देऊ शकत नाही. पण ते कुठे गेलं नाही, हे दाखवता येतं. घरातला सगळा वापर बंद आणि मीटर फिरतोय, अशा वेळी अंगणातल्या मलनिस्सारण चेंबरचं झाकण उघडलं. तळाची नाली ओलसर होती, पण त्यातून पाणी वाहत नव्हतं. मिनिटाला दोन लिटर पाणी आत येत असतं, तर धार स्पष्ट दिसली असती. आधी फिरत्या मीटरचं, मग चेंबरच्या तळाचं आणि पुन्हा मीटरचं असं सलग एकच चित्रीकरण केलं, फोनवर वेळ दिसेल असं.

एक सांगायलाच हवं. चेंबरमध्ये वाकू नये, उतरू तर मुळीच नये. तिथला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करू शकतो. झाकण दोघांनी बाजूला सरकवलं आणि लांबून बॅटरी मारून पाहिलं.

खड्डा बुजला

प्लंबरने लोखंडी सळई नळीच्या रेषेवर जागोजागी टेकवून, दुसरं टोक कानाशी धरून आवाज ऐकला. फाटकाजवळच्या वळणावर फुसफुस सगळ्यात तीव्र होती. फरशा काढून दोन फूट खणल्यावर लोखंडी नळीच्या कोपऱ्याच्या जोडाला गंजून पडलेलं बारीक भोक सापडलं. बिलाचं रीडिंग घेतल्यापासून बाराव्या दिवशी तो तुकडा कापून नवा घातला. दुरुस्तीनंतर लगेच मीटर पाहिला, चाक थांबलं होतं. रीडिंग १७१८.८.

चूक यानंतर झाली. प्लंबरने त्याच संध्याकाळी खड्डा बुजवून फरशा बसवून टाकल्या. त्याच्या बाजूने ते चांगलं कामच होतं. पण पालिकेच्या पाहणीसाठी येणाऱ्या माणसाला आता काहीच दिसणार नव्हतं. मी ताईंना आधी सांगायला हवं होतं की पाहणी होईपर्यंत खड्डा फळी टाकून उघडा ठेवा, आणि ते माझ्याकडून राहिलं. वाचलो ते दोन गोष्टींमुळे. कापलेला तुकडा मुलाने ठेवून घेतला होता, आणि खड्ड्यात फवारा उडत असताना फाटक आणि मीटरची पेटी मागे दिसेल असा एक फोटो काढलेला होता. नुसत्या नळीचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही घरचा असू शकतो. मागे ओळखीची जागा दिसली, तरच त्याला किंमत येते.

प्लंबरच्या पावतीवरही ‘नळ दुरुस्ती’ एवढंच लिहिलेलं होतं. ती बदलून घेतली. गळती कुठे होती, नळी कशाची होती, काय बदललं आणि कोणत्या तारखेला, हे त्यावर लिहून घेतलं.

अर्ज

दुसरा अर्ज मी ताईंबरोबर बसून लिहिला. तो एका पानाचा होता आणि त्यातला मुख्य मजकूर असा:

> ‘माझ्या जोडणीच्या मीटरनंतरच्या भूमिगत नळीत गळती आढळली. ती दिनांक ___ रोजी दुरुस्त केली आहे. मीटरच्या अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही.
>
> रात्रीच्या चाचणीत, घरातील वापर बंद असताना, सहा तासांत ७६८ लिटर पाणी गेल्याचे आढळले. घराचा मुख्य कॉक बंद केल्यावरही मीटर चालू होता. त्याच वेळी मलनिस्सारण चेंबरमध्ये प्रवाह नव्हता.
>
> विनंती एक: गळतीचे पाणी मलवाहिनीत गेलेले नसल्याने मलनिस्सारण आकार माझ्या मागील सरासरी वापरावर, म्हणजे दर बिलास ३० युनिटवर आकारावा.
>
> विनंती दोन: गळतीमुळे वाढलेल्या युनिटना वरच्या टप्प्याचा दर न लावता सर्वात खालच्या टप्प्याचा दर लावावा.
>
> या दोन्ही विनंत्या सरासरीने काढलेले मागील बिल, चालू बिल आणि दुरुस्तीच्या दिनांकापर्यंतचा वापर येणारे पुढील बिल, या तिन्हींसाठी आहेत.’

सोबत दोन वर्षांच्या बिलांच्या प्रती, पावती, फोटो आणि रीडिंगचा एक छोटा तक्ता जोडला.

पुढच्या बिलाचा उल्लेख लोक विसरतात. रीडिंग घेतल्यापासून दुरुस्तीपर्यंत बारा दिवस गेले होते आणि त्या दिवसांत सुमारे ३७ युनिट वाहून गेले होते. ते पुढच्या बिलात येणारच होते. ते आधीच सांगून ठेवलं नाही, तर दोन महिन्यांनी पुन्हा नवा अर्ज करावा लागतो, आणि अनेक ठिकाणी गळतीची सूट ठरावीक काळात एकदाच मिळते, म्हणून दुसरा अर्ज नाकारला जातो.

मागच्या बिलाबद्दल मात्र सावध राहावं लागलं. २०४ जास्तीचे युनिट दिवसाला तीनहून थोड्या जास्त दराने मोजले, तर गळती रीडिंगच्या साधारण ६६ दिवस आधी सुरू झाली असं निघतं. पण गंजाचं भोक पहिल्याच दिवशी पूर्ण आकाराचं नसतं, ते हळूहळू वाढतं. गळती बहुधा त्याआधीच बारीक सुरू झाली होती. आम्ही सुरुवातीची तारीख अर्जात लिहिलीच नाही. जी गोष्ट मोजलेली नाही ती ठामपणे लिहिली, की मोजलेल्या गोष्टींवरचा विश्वासही कमी होतो.

कार्यालयात

टेबलावरच्या लिपिकाने अर्ज वाचून पहिलंच वाक्य टाकलं, “बाई, पाणी मीटरमधून गेलंय ना? मग बिल बरोबर आहे.”

ताई म्हणाल्या, “हो साहेब, मीटर बरोबरच आहे. पाणी माझ्याच नळीतून गेलंय, तेही मान्य आहे. पण ते गटारात गेलेलं नाही. त्या आकाराबद्दल आधी बघा.”

लिपिकाने अर्ज पुन्हा वर ओढला आणि चेंबरबद्दलची ओळ वाचली. त्याने आवक क्रमांक टाकून प्रत दिली आणि पाहणी लावतो म्हणाला. माझ्या अनुभवात मीटरवर वाद घालणाऱ्या माणसाशी कार्यालय भांडतं. मीटर मान्य करून दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवणाऱ्याचं निदान ऐकून घेतं.

पैशांचा प्रश्न त्याच दिवशी होता. अर्ज दिला म्हणून बिलाची मुदत थांबत नाही. विलंब आकार चढत राहतो आणि थकबाकी म्हणून जोडणी तोडण्याची नोटीसही येऊ शकते. खिडकीवर पूर्ण रकमेशिवाय भरणा घेत नव्हते. ताईंनी वरिष्ठांना भेटून, ‘वादग्रस्त रकमेबाबत हरकत कायम ठेवून सरासरी वापराएवढी रक्कम भरत आहे’ असं पत्र दिलं आणि त्यावर मंजुरीचा शेरा घेतला. तो शेरा दाखवल्यावर खिडकीवर नेहमीएवढी, म्हणजे ६० भागांची रक्कम स्वीकारली गेली. असा शेरा मिळाला नसता, तर हरकत नोंदवून पूर्ण रक्कम भरणं भाग होतं. सूट मग पुढच्या बिलांत वळती होते.

पाहणीला आलेल्या निरीक्षकांनी नव्या फरशा पाहून मान हलवली. “इथे मला काय दिसणार?” मुलाने कापलेला तुकडा आणि फोटो पुढे केले. त्यांनी भोकात काडी घालून पाहिली, फोटोतलं फाटक समोरच्या फाटकाशी ताडून पाहिलं, मग मीटरवरचं थांबलेलं चाक पाहिलं आणि विचारलं, “दुरुस्तीनंतर किती वापर होतोय?” हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. गळती खरंच थांबली का, आणि तुमचा नेहमीचा वापर खरंच तेवढा आहे का, हे कार्यालयाला दुरुस्तीनंतरच्या रीडिंगवरूनच कळतं. दुरुस्तीला चौदा दिवस झाल्यावर रीडिंग १७२५.८ झालं. चौदा दिवसांत ७ युनिट, दिवसाला ५०० लिटर. साठ दिवसांचे ३०. मागच्या दोन वर्षांची सरासरी तंतोतंत हीच होती. ते रीडिंग ताईंनी एका पुरवणी पत्राने कळवलं.

काय मिळालं, काय नाही

निर्णय यायला पुढचं बिल निघेपर्यंत वेळ लागला. मलनिस्सारण आकाराची विनंती पूर्ण मान्य झाली: मागचं, चालू आणि पुढचं, तिन्ही बिलांना ३० युनिटवर आकारणी. चालू बिलातला ४१८ भागांचा आकार २० वर आला.

पाण्याच्या आकारात मागितलं तेवढं मिळालं नाही. जास्तीच्या युनिटना सगळ्यात खालचा दर आम्ही मागितला होता. कार्यालयाने मधला, दुप्पट दर लावला. पाणी तयार करायला आणि पोचवायला खर्च आलाच आहे, आणि मीटरनंतरची नळी सांभाळणं ग्राहकाकडे आहे, असं कारण लेखी दिलं. मला ते अन्यायाचं वाटलं नाही. दोन्ही मिळून १२५४ भागांचं बिल ४६८ वर आलं. कमी झालेल्या ७८६ भागांपैकी निम्म्याहून थोडे जास्त, ३९८ भाग, एकट्या मलनिस्सारण आकाराचे होते. मुलाच्या पहिल्या अर्जात त्यांचा उल्लेखच नव्हता.

प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, हे ताईंच्या निकालावर विसंबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. कुठे पाण्याच्या आकारात काहीच सूट देत नाहीत आणि फक्त मलनिस्सारण आकार बदलतात. कुठे सरासरी मागच्या दोन वर्षांची न धरता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची धरतात. कुठे बिल मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत दुरुस्ती झालीच पाहिजे अशी अट असते. अर्ज लिहिण्याआधी कार्यालयात जाऊन एवढंच विचारावं: गळतीनंतरच्या समायोजनाचा नियम कोणता आणि त्याची मुदत किती.

पुढचं बिल ६७ युनिटचं आलं, म्हणजे नेहमीचे ३० आणि दुरुस्तीआधीचे ३७. संगणकाने ते पुन्हा पूर्ण दराने, २५२ भागांचं काढलं होतं. मंजुरीचा आदेश त्या बिलाला लागू केलेला नव्हता. ताई आदेशाची प्रत घेऊन गेल्या, त्यातलं ‘पुढील बिल’ हे शब्द असलेलं वाक्य लिपिकाला दाखवलं आणि तिथेच दुरुस्त बिल हातात घेऊन आल्या. ते १३४ भागांचं होतं. त्यानंतरच्या बिलात वापर २९ युनिट होता, आणि रीडिंगच्या शेजारी ‘सरासरी’ हा शेरा नव्हता. फाटकाची एक किल्ली आता मीटरवाचकाच्या फेरीच्या दिवशी शेजारी ठेवलेली असते.